मदत हवी आहे: मुलीचे पॉइंट लांब रॅलीत जातात, नेमकं कारण आकड्यांतून कसं काढायचं?

वाईकर

नमस्कार मंडळी. मुलगी पंधरा वर्षांची आहे, बॅडमिंटनमध्ये अंडर-17 सिंगल्स खेळते, उजवखोरी. मागच्या स्पर्धेत 21-17, 16-21, 14-21 अशी हरली. कोर्टाच्या मागच्या गॅलरीतून अख्खा सामना मोबाइलवर घेतला होता. घरी बसून एक्सेलमध्ये प्रत्येक रॅलीची एक ओळ केली: गेम, सर्व्हिस कोणाची, एकूण फटके, पॉइंट कोणाला, शेवटचा फटका कोणता.

एकूण 110 रॅली. चार फटक्यांपर्यंतच्या 30, त्यातल्या 17 तिने जिंकल्या. पाच ते नऊ फटक्यांच्या 42, त्यात 22. दहा आणि त्यापुढच्या 38, त्यात फक्त 12. म्हणजे लांब रॅलीत 26 पॉइंट गेले. त्या 26 पैकी 15 समोरच्या मुलीने मारून घेतले, बहुतेक स्मॅशवर, आणि 11 हिच्या चुका.

मी काढलेला अर्थ असा की स्टॅमिना कमी पडतो आणि स्मॅशचा डिफेन्स कच्चा आहे. तिच्या सरांचं म्हणणं, व्यायाम वाढवण्याआधी नीट बघा. नीट म्हणजे काय बघू? फाइल तयार आहे, पुढची पायरी सुचत नाही.

दुपारचा_चहा

इतका खटाटोप कशाला? फक्त चुका मोजा. आपण नेटमध्ये किंवा बाहेर किती मारले आणि समोरच्याने किती, जो जास्त चुका करतो तो हरतो. या वयात नव्वद टक्के खेळ तोच असतो. आणि लांब रॅलीत हरते म्हणजे दमते, हे उघड आहे. सकाळी दोरीच्या उड्या सुरू करा.

डबल्सवाली

आमच्या मिक्स्डमध्ये अगदी उलटं आहे हो. आम्ही पहिल्या तीन फटक्यांतच पॉइंट देतो. माझी शॉर्ट सर्व्हिस जरा उंच गेली की समोरचा पुढे येऊन मारतो, पार्टनर बघत राहतो. तुम्ही मुलीची सर्व्हिस बघा आधी. सर्व्हिस सुधारली की सगळं सुधारतं.

नेटकॉर्ड

डबल्सवाली ताई, तुमचा मुद्दा डबल्सला बरोबर आहे, पण इथे सिंगल्स चाललंय. तरी सर्व्हिसकडे मी शेवटी येतो.

वाईकर, नेटमध्ये गेलेला फटका तुम्ही मोजता ना? सर्व्हिस हा पहिला फटका धरायचा आणि चुकलेलाही मोजायचा, ही पद्धत कायम ठेवा. मग एक तपासणी फुकटात मिळते. फटके विषम असतील तर शेवटचा फटका सर्व्हिस करणारीचा, सम असतील तर रिसीव्ह करणारीचा. शेवटच्या फटक्याचा रकाना याच्याशी जुळला नाही तर त्या ओळीत मोजणी चुकली आहे. शिवाय पॉइंट घेणारी पुढची सर्व्हिस करते, त्यामुळे ओळ वगळली गेली असेल तर तीही बऱ्याचदा सापडते.

आता स्टॅमिना. दमल्यामुळे पॉइंट जात असतील तर पहिल्या गेममध्ये लांब रॅलीचा हिशेब बरा असायला हवा आणि तिसऱ्यात वाईट. तिन्ही गेम एकत्र करून हे कधीच दिसणार नाही. गेमनुसार वेगळं काढा. B रकान्यात गेम, D मध्ये फटके, E मध्ये W किंवा L असेल तर:

```
=COUNTIFS(B:B,1,D:D,">=10",E:E,"W")
```

1 च्या जागी 2, 3 घाला, W च्या जागी L. बाकीच्या दोन गटांचंही तसंच करा आणि इथे टाका.

तात्या_ठाणे

सरासरी रॅली किती निघाली? मला वाटतं तोच आकडा सगळ्यात बोलका.

नेटकॉर्ड

तात्या, सरासरीला एखादी मॅरेथॉन रॅली वर ओढून नेते. 2017 च्या ग्लासगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्ये सिंधू आणि ओकुहारा 73 फटक्यांची एक रॅली खेळल्या. ती सिंधूने जिंकली, दुसरा गेमही घेतला, आणि सामना मात्र ओकुहाराने 21-19, 20-22, 22-20 असा नेला. त्या एका रॅलीवरून लांब रॅलीत कोण सरस, हे काहीच कळत नाही. त्यापेक्षा गट पाडून प्रत्येक गटात किती खेळल्या आणि किती जिंकल्या हे बघावं. 26 पॉइंट गेले हा आकडासुद्धा 38 पैकी असं म्हटल्यावरच काही सांगतो.

वाईकर

काढलं. लांब रॅली (जिंकल्या-हरल्या): पहिला गेम 4-8, दुसरा 4-9, तिसरा 4-9.
मधल्या: 8-7, 7-7, 7-6.
छोट्या: 9-2, 5-5, 3-6.

मला धक्काच बसला. लांब रॅलीत ती पहिल्या गेमपासूनच हरत होती, तो गेम जिंकून सुद्धा!

नेटकॉर्ड

मग स्टॅमिनाचा मुद्दा मागे पडला. एका सामन्यावरून पूर्ण निकालात काढणार नाही मी, पण ताज्या दमाने खेळतानाही 4-8 असेल तर गळती दुसरीकडे आहे. आणि दुसरी गोष्ट बघा, सामना फिरला तो छोट्या रॅलींत. 9-2 चं 3-6 झालं. पण आधी लांब रॅली संपवू.

तुम्ही शेवटचा फटका लिहिला आहे. स्मॅशवर पॉइंट गेला म्हणून डिफेन्स कच्चा, हा निष्कर्ष बहुतेक पालक काढतात. तो स्मॅश तिला मारू कोणी दिला? समोरचीने मारून घेतलेल्या त्या 15 रॅली परत लावा आणि शेवटच्या फटक्याच्या आधीचा आपल्या मुलीचा फटका लिहा: कोणत्या कॉर्नरमधून, कोणता, सरळ की क्रॉस. व्हीएलसीमध्ये E दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, सोपं पडतं.

टॉस लांब गेला की आखूड, हे शटल बघून ठरवू नका. ते जमिनीवर पडतच नाही, समोरची हवेतच मारते. तिचे पाय बघा. डबल्सची मागची सर्व्हिस रेघ एंडलाइनच्या 76 सेंटिमीटर आत असते. मारताना तिचे दोन्ही पाय त्या रेघेच्या निदान एक पाऊल पुढे असतील तर टॉस आखूड लिहा. कॅमेरा मागून असल्यामुळे पलीकडची खोली थोडी दबते, पण रेघ दिसते ना, तेवढं पुरे.

दुपारचा_चहा

म्हणजे शेवटी चूकच की. आखूड टॉस ही चूकच.

नेटकॉर्ड

हो, पण तुमच्या मोजणीत ती समोरचीचा विनर म्हणून जाते, मुलीच्या खात्यावर येतच नाही. तिथेच फसतं सगळं.

वाईकर

रविवार यातच गेला, बायको आता बोलत नाहीये 😀

15 पैकी 9 वेळा आधीचा फटका बॅकहँडच्या मागच्या कॉर्नरमधून, राउंड द हेड घेतलेला टॉस. नऊपैकी 7 क्रॉस, 2 सरळ. सगळे आखूड. म्हणजे क्रॉस टॉस बंद करायला सांगू का?

नेटकॉर्ड

थांबा, अजून अर्धंच झालंय. हे फक्त गेलेले पॉइंट. ती तिथून क्रॉसच जास्त मारत असेल तर गेलेल्या पॉइंटांतही क्रॉसच जास्त दिसणार. सगळ्या 38 लांब रॅली घ्या, जिंकलेल्या धरून, आणि त्या कॉर्नरमधला प्रत्येक टॉस लिहा. किती क्रॉस, त्यातले किती आखूड. किती सरळ, त्यातले किती आखूड.

तात्या_ठाणे

आणि हॉलचा वारा? आमच्याकडे एका बाजूने टॉस एंडलाइनबाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूने मधेच पडतो. मुलीचा दोष नसून हवेचा असायचा.

नेटकॉर्ड

तात्या, हे लाखात बोललात. पहिल्या गेमची बाजू तिसऱ्या गेममध्ये कुणाचे तरी 11 होईपर्यंत परत मिळते, नंतर दुसऱ्या गेमची. वाईकर, आखूड टॉस बाजूनुसार वेगळे करा.

वाईकर

झालं. क्रॉस 34, त्यातले 19 आखूड. सरळ 41, त्यातले 9 आखूड. 19 आखूड क्रॉसपैकी 10 एका बाजूला, 9 दुसऱ्या. लांब रॅलीही दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच आहेत.

नेटकॉर्ड

मग वारा नाही. आणि ती क्रॉस जास्त मारते असंही नाही, उलट सरळच जास्त मारते. पण क्रॉस निम्म्याहून जास्त वेळा आखूड आणि सरळ जेमतेम पाचात एक. हा फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे.

कारणही समजण्यासारखं आहे. क्रॉसला अंतर जास्त पडतं, आणि राउंड द हेड घेताना ती उशिरा पोचत असेल तर शटल डोक्याच्या मागे जातं, ताकद लागत नाही. मोह का होतो तर क्रॉस समोरचीच्या बॅकहँडला जातो. पण आखूड पडला की तीही राउंड द हेड घेते आणि सरळ स्मॅश मारते. तो येतो आपल्या मुलीच्या फोरहँडच्या बाजूला, आणि मुलगी तर अजून डाव्या मागच्या कॉर्नरमधून निघतेय. तिथे कितीही चांगला डिफेन्स असला तरी रॅकेट पोचत नाही. सरळ टॉस आखूड पडला तर निदान सरळ स्मॅश तिच्या जवळच्या बाजूला येतो.

उशिरा पोचते का, हे सरांना क्लिप दाखवून विचारा. पाय की मनगट, ते आकड्यांत दिसत नाही.

वाईकर

सरांना दाखवलं. ते म्हणाले उशीर होतोय, पहिलं पाऊल समोरचीने मारल्यावर पडतं. पण टॉस सरळ मारायला सांगण्याऐवजी ते तिथून ड्रॉप शिकवायचं म्हणताहेत.

नेटकॉर्ड

मला पटत नाही. उशीर झाला असताना ड्रॉप केला तर नेटपर्यंत धावायचं अंतर अजून वाढतं, आणि नेटवरून समोरचीने परत त्याच कॉर्नरला ढकललं की मुलगी पुन्हा तिथेच. पण सर तिला रोज बघतात, मी नाही. पुढच्या सामन्यात त्या कॉर्नरमधले ड्रॉप वेगळे लिहा आणि त्यानंतरच्या चार फटक्यांत पॉइंट कोणाला गेला तेवढं बघा.

डबल्सवाली

आणि छोट्या रॅली? सर्व्हिसकडे येणार होतात ना!

वाईकर

तेही बघितलं ताई. पहिल्या गेमच्या 9 पैकी 6 समोरचीने दिलेले. हिच्या उंच सर्व्हिसवर ती थेट स्मॅश मारत होती आणि बाहेर किंवा नेटमध्ये घालवत होती. दुसऱ्या गेमपासून तिने ते सोडलं, ड्रॉप टाकायला लागली. तिसऱ्या गेमच्या 3-6 मध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर 1-4 आहे, रिसीव्हवर 2-2.

नेटकॉर्ड

म्हणजे 9-2 ही कमाई नव्हतीच, समोरचीची उधळपट्टी होती. 1-4 वर मात्र मी काही बोलणार नाही. पाच रॅलींत काहीही होऊ शकतं. दुसऱ्या एखाद्या मुलीविरुद्धचा सामना आहे का रेकॉर्ड केलेला?

वाईकर

एक आहे, पण बाजूने घेतलाय, जवळच्या पंचांच्या खुर्चीने अर्धं नेट झाकलंय.

नेटकॉर्ड

खोली तर बाजूनेच जास्त चांगली दिसते. सर्व्हिस आणि तिसरा फटका तेवढा लिहा, बाकी सोडा. सर्व्हिस उंच की शॉर्ट, त्यावर काय आलं, तिने काय केलं.

डबल्सवाली

मी म्हटलंच होतं, सर्व्हिस!