मदत हवी आहे : सरांची भेट पुन्हा पुढे ढकलू का?

मी परभणीची, पीएचडीचे गाईड छत्रपती संभाजीनगरला. तिसऱ्या प्रकरणावरची भेट तीनदा पुढे गेलीय. पहिल्यांदा सरांनीच बदलली, ती मी धरत नाही. दुसऱ्यांदा आईला दवाखान्यात न्यायचं होतं, दोन दिवस आधी कळवलं. सर म्हणाले, ‘आधी आईकडं बघा.’ तिसऱ्यांदा मात्र तक्ते अपुरे म्हणून सकाळी सातला मेसेज टाकला. भेट अकराला होती, सरांनी तास मोकळा ठेवला होता. उत्तर आलं नुसतं ‘ठीक’. एरवी पुढची तारीख ते स्वतः देतात, यावेळी मलाच मागावी लागली. तेच मनाला लागलंय.

आता गुरुवारी भेट, आणि तक्ते अजून अर्धेच. अर्धं काम घेऊन जाऊ, की आजच फोन करून तारीख बदलून मागू? इथं कुणी गाईड असाल तर सांगा, कितव्या वेळी विश्वास उडतो?