मदत हवी आहे: नववीच्या इंग्रजी तासात नवे शब्द कधी आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत?

खडूची_धूळ
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात अनुदानित मराठी शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. पटावर 52 मुलं, तास 35 मिनिटांचा. अडचण शब्दसंग्रहाची आहे.

माझी आजवरची पद्धत अशी. आधी फळ्यावर नवे शब्द, समोर मराठी अर्थ. मुलं उतरवून घेतात. मग मी एकेक शब्द म्हणते, ती मागून म्हणतात. मग उतारा वाचतो. घरी प्रत्येक शब्द पाच वेळा लिहायचा आणि एक वाक्य करायचं.

मागच्या आठवड्यात दुष्काळात सावकाराकडून पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याचा उतारा घेतला. कुमारभारतीतला नाही, सरावासाठी मीच शोधलेला, दोनशेएक शब्दांचा. त्यात ड्राउट, डेट (कर्ज या अर्थी), बॉरो, लेंड, रिपे, रिलक्टंट, हार्वेस्ट, मनीलेंडर, बॅरन असे 14 शब्द निघाले. ते लिहून देण्यातच पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी श्रुतलेखनात बहुतेकांना दहापैकी आठ-नऊ. मी खूश. आठवड्याने तेच शब्द रिकाम्या जागांत दिले, तर निम्म्या वह्या कोऱ्या. एकाचं वाक्य होतं, ‘माय फादर लेंड मनी फ्रॉम सावकार.’

उतारा आधी घ्यावा की शब्द? स्पेलिंग कधी दाखवावं? आणि 14 शब्द एका तासात जास्त होतात का?

मुक्काम_पोस्ट
ताई, मूळ दुखणं मराठी अर्थ देण्यात आहे. मराठी बंद करा. चित्र दाखवा, अभिनय करा, वस्तू आणा. आमच्या लहानपणी सर काठी हातात घेऊन ‘धिस इज अ स्टिक’ म्हणायचे, तो शब्द आजही विसरलो नाही.

खडूची_धूळ
काठीचं ठीक आहे हो, पण ‘डेट’चं चित्र कसं काढू? गेल्या वर्षी एकदा मान खाली घालून बसलेला शेतकरी काढला होता. वर्गातून उत्तरं आली: आजारी, म्हातारा, भांडण, गरिबी. शेवटी मराठीतच सांगावं लागलं.

आईची_डायरी
माझा मुलगा सेमीला सातवीत आहे, त्याचंही स्पेलिंग फार चुकतं. रोज दहा शब्द पाठ करून घेते. एखादं चांगलं ॲप कुणाला माहीत आहे का?

फळा_आणि_फडकं
आईची डायरी, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो.

खडूची धूळ मॅडम, तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, नंतर काही वर्षं शिक्षकांचे वर्ग घेतले. तुमच्या आठ-नऊ गुणांवर माझा आधी विश्वास बसत नाही. श्रुतलेखन फळ्यावरच्या यादीच्याच क्रमाने घेतलंत का? मुलं शब्द लक्षात ठेवत नाहीत, यादीतली जागा लक्षात ठेवतात. क्रम उलटा करून बघा. आणि ‘पाच वेळा लिहा’ची वही बारकाईने पाहा. आधी पहिलं अक्षर एकाखाली एक पाचदा, मग दुसरं अक्षर पाचदा. शब्द एकदाही लिहिलेला नसतो.

आता क्रम. 14 शब्दांचे आधी तीन ढीग करा. पहिला ढीग, ज्यांच्यावाचून उतारा उघडतच नाही: ड्राउट, डेट, बॉरो, रिलक्टंट. हे चारच आधी शिकवायचे. दुसरा ढीग, जे वाक्यातूनच उमगतात. ‘आफ्टर द हार्वेस्ट, द फील्ड्स वेअर एम्प्टी’ हे वाचून शेतकऱ्याच्या पोराला हार्वेस्ट कळत नसेल तर मी मिशी काढीन. ते उताऱ्यातच शोधू द्या. तिसरा ढीग म्हणजे बॅरनसारखे, जे आज नसले तरी अडत नाही. उतारा तुमचाच आहे, तिथे ‘ड्राय’ लिहा आणि मोकळे व्हा. न अडखळता वाचायचं तर पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी परवडतो. तुमच्या उताऱ्यात दर चौदाव्या शब्दाला ठेच आहे.

चार शब्दांसाठी फळा कोरा ठेवा, वह्या बंद. आधी अर्थ, मग उच्चार, स्पेलिंग सर्वांत शेवटी. तीन-चार वाक्यांत गोष्ट सांगा: महादूच्या गावात दोन वर्षं पाऊस नाही. त्याने वीस हजार घेतले, अजून परत केले नाहीत. ‘ही इज इन डेट.’ लागलीच मराठीत ‘कर्जात आहे’ म्हणा, त्यात काही पाप नाही. मग वर्गाकडून चार-पाच वेळा म्हणवून घ्या, आधी सगळे, मग ओळीने, मग दोघा-तिघांकडून. त्यानंतर फळ्यावर. ‘डेट’मध्ये बी मुका, ‘ड्राउट’मध्ये जीएच मुके. स्पेलिंग आधी दिसलं तर पोरं वर देवनागरीत ‘डेब्ट’, ‘ड्रॉघ्ट’ लिहून ठेवतात आणि तो उच्चार दहावीपर्यंत निघत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘समजलं का?’ विचारू नका, 52 तोंडं ‘हो’ म्हणतील. असं विचारा: ‘गणूकडे पैसे नाहीत, पण कुणाचं देणंही नाही. इज गणू इन डेट?’ इथे अर्धा वर्ग ‘यस’ म्हणाला तर समजा, त्यांनी डेटचा अर्थ गरिबी असा धरलाय. रिलक्टंटला दोनच प्रश्न: तो सावकाराकडे गेला का? हो. त्याला जायचं होतं का? नाही. दुसरा प्रश्न गाळलात तर पोरं ‘नाराज’ असा अर्थ धरून बसतात.

मुक्काम_पोस्ट
म्हणजे आम्ही मराठी बंद करा म्हणालो ते चूक?

फळा_आणि_फडकं
निम्मं चूक. वस्तूला चित्र उत्तम, क्रियेला अभिनय उत्तम. पण डेट, रिलक्टंट असले शब्द मराठीत एका श्वासात सांगून होतात, त्यावर सात मिनिटं मूकनाट्य कशाला? फक्त मराठी शब्दावर थांबू नये. तुम्ही थांबू नका म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूचा.

सुट्टीची_घंटा
मी डोंगराळ भागात नववी-दहावीच शिकवते. सरांचं बाकी पटलं, पण स्पेलिंग शेवटी हे माझ्याकडे चालत नाही. पाचवीची मुलं नुसतं ऐकतात. नववीची मुलं लिहिलेलं दिसेपर्यंत अस्वस्थ असतात, मागच्या बाकावर ऐकू न आलेला उच्चार मनाने रचतात. मी अर्थ सांगते, दोनदा म्हणवते, की लगेच लिहिते.

फळा_आणि_फडकं
दोनदा तरी आधी म्हणवताय ना, मग आपलं भांडण पाच-सहा सेकंदांचं आहे. मोठ्या वर्गात तुमचं बरोबरही असेल.

खडूची_धूळ
सर, तुम्ही चारांत बॉरो ठेवला आणि लेंड गाळला. मी तर दोन्ही शेजारी लिहून फरक समजावला होता, बाणसुद्धा काढले होते.

फळा_आणि_फडकं
म्हणूनच ते वाक्य आलं! दोन्ही शब्द नवे, दोन्हींचा अर्थ ‘उसने’ला चिकटलेला, फक्त घेणे आणि देणे एवढा फरक. एकाच दिवशी दिले की जोडी लक्षात राहते, कोणता कुठला ते पुसलं जातं. यावर टिंकहॅम यांनी 1993 साली आणि वॉरिंग यांनी 1997 साली प्रयोग केले. एका गटातले, एकमेकांशी अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकायला वेगवेगळे शब्द शिकण्यापेक्षा जास्त खेपा लागल्या. आपली पुस्तकं मात्र फळांची यादी, रंगांची यादी, विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या एकदम देतात. आधी बॉरो पक्का होऊ दे. लेंड आठ-दहा दिवसांनी आणा.

खडूची_धूळ
(पाच दिवसांनी) करून बघितलं, दुसऱ्या तुकडीवर. उताऱ्यात ‘अग्रीड टु लेंड हिम मनी’ होतं, ते ‘गेव्ह हिम मनी’ केलं.

गणूच्या प्रश्नावर पहिल्या तीन बाकांवरून ‘यस’ असा गजर झाला. मग एक मुलगी उठून म्हणाली, ‘मॅडम, आमच्यावर कर्ज आहे पण आम्ही गरीब नाही, ट्रॅक्टरचं आहे.’ तिच्या त्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या बाणांनी झालं नव्हतं.

चार शब्दांना दहा मिनिटं ठरवली होती, चौदा गेली. उतारा घाईत संपवला. शेवटची चार मिनिटं वाचवली आणि फळा पुसून फक्त पहिली अक्षरं ठेवली, मी गोष्ट सांगत गेले आणि शब्दाच्या जागी थांबले. चारही आले. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं उलट्या क्रमाने विचारले, ड्राउट अडखळला. काल, चौथ्या दिवशी, वाक्यातली रिकामी जागा दिली. 49 हजर, त्यांत 38 जणांनी बॉरो बरोबर भरला, रिलक्टंट फक्त 21. आणि हो, जुन्या तुकडीची यादी क्रम बदलून विचारली. सर, तुमचा संशय खरा निघाला, ते आठ-नऊ गुण पाच-सहावर आले.

पण स्वतःचं वाक्य करायला सांगितलं तर अजून ‘आय ॲम रिलक्टंट टु होमवर्क’ येतंच आहे.

सुट्टीची_घंटा
रिलक्टंट एकटा देऊ नका ना. ‘रिलक्टंट टु गो’, ‘रिलक्टंट टु आस्क’ असा तुकडाच फळ्यावर लिहा, आणि वहीतही तेवढंच. मी रिकामं वाक्य न देता अर्धं देते: ‘आय वॉज रिलक्टंट टु...’, पुढचं त्यांचं. मागच्या वर्षी एकाने लिहिलं होतं, ‘टु शो माय मार्क्स टु फादर’.

खडूची_धूळ
हे उद्याच करते. एक राहिलं. उताऱ्यात मनीलेंडर आहेच, म्हणजे लेंड मागच्या दाराने आलाच की?

फळा_आणि_फडकं
येऊ द्या. तूर्तास ‘मनीलेंडर म्हणजे सावकार’ एवढंच, अखंड नाव म्हणून, फोड करू नका. दहा दिवसांनी हाच शब्द फळ्यावर लिहा आणि मधोमध रेघ मारा. विचारा, सावकार पैसे घेतो की देतो? मग ‘लेंडर’ म्हणजे काय करणारा?

खडूची_धूळ
पण दहा दिवसांनी घटक चाचणी आहे, आणि त्यात विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या विचारतात. बॉरो-लेंड हमखास असतोच.

सुट्टीची_घंटा
मग चाचणी झाल्यावर घ्या. एक गुण गेला तर गेला.

खडूची_धूळ
ते मुख्याध्यापकांना तुम्ही सांगा.