मदत हवी आहे: इमेज मॉडेल आणि छोटं भाषा मॉडेल एकत्र चालवायला १२ जीबी व्हीरॅम पुरेल का?

माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीवालं, विंडोज ११. एसडीएक्सएल आणि लामा ३.१ चं ८बी मॉडेल, दोन्ही एकाच वेळी लोड ठेवायचंय, म्हणजे प्रॉम्प्ट लिहून घेतला की लगेच चित्र.

माझा हिशोब असा: एसडीएक्सएलची एफपी१६ फाइल साधारण ७ जीबी. लामा Q4_K_M मध्ये ४.९ जीबीच्या आसपास. वर संदर्भाची केव्ही कॅश, ती टोकनमागे १२८ केबी पडते, म्हणजे ८१९२ टोकनला १ जीबी. झाले की १३, आणि विंडोज डेस्कटॉप स्वतःचं थोडं खातं ते वेगळंच.

वेगवेगळे चालवले तर दोन्ही मस्त चालतात. एकत्र लावले की एरर येत नाही पण चित्र रांगत बनतं, टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड मेमरी वाढलेली दिसते, म्हणजे ड्रायव्हर गुपचूप साध्या रॅममध्ये ढकलतोय. संदर्भ ४०९६ केला, अर्धा जीबी सुटला, तेवढ्याने भागत नाही. टाइल्ड व्हीएई लावल्यावर शेवटचा डीकोडचा झटका कमी झाला एवढंच. दरवेळी एक मॉडेल उतरवून दुसरं चढवणं नकोय, लामाचे काही लेअर सीपीयूवर टाकायला मात्र हरकत नाही, रॅम ३२ जीबी आहे.

अडलंय ते इथे, की वजनांचा आकडा फाइलवरून कळतो पण १०२४ बाय १०२४ चं चित्र बनताना त्यावर किती जीबी मोकळे धरायचे? आणि त्या हिशोबाने लामाचे ३२ पैकी किती लेअर कार्डवर ठेवू?