सल्ला हवाय: कॉन्स्टंट ग्रॉस मार्जिनने जॉइंट कॉस्ट वाटली तर एका प्रॉडक्टला उणे आकडा येतोय

ताळेबंद
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एकाच प्रोसेसमधून तीन प्रॉडक्ट निघतात, अ, ब आणि क म्हणू. स्प्लिट-ऑफपर्यंतचा, म्हणजे तिन्ही वेगळे होईपर्यंतचा एकत्र खर्च, आमची जॉइंट कॉस्ट, 60 लाख. त्यानंतर प्रत्येकावर वेगळं काम होतं, अ वर 10 लाख, ब वर 40 आणि क वर 30. तयार मालाची विक्री किंमत अ ची 100 लाख, ब ची 60, क ची 40. आत्तापर्यंत एनआरव्हीने, म्हणजे विक्रीतून पुढचा खर्च जाऊन उरणाऱ्या रकमेच्या प्रमाणात वाटत आलोय, पण त्यात अ चं मार्जिन 45 टक्के दिसतं, ब चं 16.67 आणि क चं जेमतेम 12.5, त्यामुळे क सांभाळणारी टीम दर मीटिंगला विचारते की कच्चा माल एकच, प्रोसेस एकच, मग आमच्याच वाट्याला हे का. म्हणून कॉन्स्टंट ग्रॉस मार्जिन करून बघितलं तर क ला जॉइंट कॉस्ट चक्क उणे 2 लाख आली. घ्यावी का ही पद्धत?

निशिगंध
जॉइंट कॉस्ट उणे कशी येईल, कुठेतरी गडबड आहे. विक्रीतून पुढचा खर्च आधी वजा करा, अ चे 90 राहतात, ब चे 20, क चे 10, एकूण 120. खर्च 60, म्हणजे सगळ्यांना सारखं 50 टक्के मार्जिन. म्हणजे अ ला 45, ब ला 10, क ला 5. झालं, उणं काही नाही.

जुना मुनीम
निशिगंध, तुमचे आकडे बरोबर आहेत पण ही तर एनआरव्ही पद्धतच झाली, जी ताळेबंद आधीपासून वापरतायत. 50 टक्के सारखे आले ते पुढचा खर्च वजा केलेल्या रकमेवर. विक्रीवर काढायला गेलात की तेच 45, 16.67 आणि 12.5 परत येतात.

कॉन्स्टंट मार्जिनमध्ये उलट्या टोकाकडून यायचं. आधी सगळ्या धंद्याचं एकच मार्जिन काढायचं. एकूण विक्री 200, एकूण खर्च 60 अधिक 80 म्हणजे 140, मार्जिन 60, म्हणजे विक्रीच्या 30 टक्के. आता हे 30 टक्के प्रत्येकाला मिळालेच पाहिजेत असं धरायचं. अ चा एकूण खर्च 70 असायला हवा, त्यातले 10 पुढच्या कामाचे, उरलेले 60 जॉइंट. ब चा 42, त्यातले 40 गेले, उरले 2. क चा 28 असायला हवा पण पुढच्या कामावरच 30 गेलेत, म्हणून उणे 2. बेरीज 60 च. ताळेबंद, तुमचं गणित बिनचूक आहे.

फरक कुठे पडतो ते सांगतो. एनआरव्हीत असं गृहीत असतं की सगळा नफा स्प्लिट-ऑफपर्यंतच्या प्रोसेसनेच कमावला आणि पुढच्या कामाचे फक्त पैसे वसूल झाले. कॉन्स्टंट मार्जिनमध्ये पुढच्या कामावर टाकलेल्या रुपयालाही नफ्यात तेवढाच वाटा मिळतो. त्यामुळे ज्याच्यावर पुढचा खर्च विक्रीच्या मानाने जास्त त्याला जॉइंट कॉस्ट कमी येते, आणि क मध्ये तर पुढचा खर्च विक्रीच्या 75 टक्के आहे. सगळ्यांना 30 टक्के मार्जिन द्यायचं म्हणजे खर्चाला जागा 70 टक्क्यांचीच, मग वरचे 5 टक्के दुसरीकडून यावे लागणार आणि ते अ कडून आले. उणे कधी येणार हे आधीच ओळखता येतं, पुढचा खर्च भागिले विक्री हा आकडा 70 टक्क्यांच्या वर गेला की आलंच.

रात्रपाळी
अहो मग क बंदच करा ना, ज्याला जगायला दुसऱ्यांची मदत लागते ते प्रॉडक्ट ठेवायचं कशाला.

जुना मुनीम
रात्रपाळी, प्रश्न वाटपाचा आहे, बंद करण्याचा नाही, आणि बंद करायचं की नाही हे वाटप बघून ठरवायचंच नसतं. क वर 30 घालून 40 येतात, म्हणजे बंद केलं तर हातातले 10 लाख जातील आणि जॉइंट 60 जसेच्या तसे राहतील. ठरवताना एवढंच विचारा की क स्प्लिट-ऑफलाच, काही न करता, कितीला जातो. समजा 12 लाखाला गिऱ्हाईक असेल तर तिथेच विकलेला बरा, कारण पुढे नेऊन मिळकत 28 ने वाढते आणि खर्च 30 ने. 8 लाखालाच जात असेल तर पुढे न्या. क ला जॉइंट कॉस्ट 5 आली काय आणि उणे 2 आली काय, हे उत्तर बदलत नाही.

शर्वरी के
थोडं आमचंही विचारते. आमच्याकडे सगळा माल त्याच महिन्यात विकला जात नाही, कधी कधी चौथा हिस्सा पडून राहतो. आम्ही मार्जिन काढताना झालेली विक्रीच घेतो कारण पुस्तकात तीच असते, आणि शेवटी वाटलेल्या जॉइंट कॉस्टची बेरीज तर जुळतेच. चालतं ना असं?

जुना मुनीम
शर्वरी, बेरीज जुळते म्हणून फसायला होतं. याच उदाहरणात समजा क चा चौथा हिस्सा गोदामात राहिला, विक्री 40 ऐवजी 30. तुमच्या रीतीने एकूण विक्री 190, खर्च मात्र पूर्ण 140, मार्जिन 26.3 टक्के, आणि क ला जॉइंट कॉस्ट उणे 7.9 येते. बेरीज केली तर 60 च, कारण ही पद्धत कुठलेही आकडे घातले तरी एकूण बरोबरच देते. पण खर्च सगळ्या उत्पादनाचा आणि विक्री त्यातल्या थोड्याची, हा जोडच चुकीचा आहे. विक्री किंमतही पूर्ण उत्पादनाचीच धरा, म्हणजे 30 टक्केच. मग क चा एकूण खर्च 28, गोदामातल्या चौथ्या हिश्शाचे 7, विकलेल्याचे 21, आणि 30 च्या विक्रीवर 30 टक्के मार्जिन. ही खूण लक्षात ठेवा, विकलेल्या मालावर सगळ्यांचं मार्जिन सारखं आलं नाही तर पाया चुकलाय.

निशिगंध
ओके, माझ्या आकड्यांचं कळलं. पण उणे कॉस्ट पुस्तकात ठेवणं मला अजूनही पटत नाही. महिनाअखेरीला क चा माल स्प्लिट-ऑफवरून निघालाय पण पुढचं काम सुरूच झालं नाही, तर त्या स्टॉकची किंमत काय लिहायची, उणे?

जुना मुनीम
अगदी नेमकं धरलंत, ही पद्धत तिथेच तुटते. आणि तयार मालातही तेच, क वर स्वतंत्रपणे 30 खर्च केलेत आणि स्टॉकमध्ये 28 ला बसणार. स्टॉकच्या किमतीबद्दलचं आंतरराष्ट्रीय मानक आयएएस 2, त्यात वाटप तर्कसंगत आणि सातत्याचं हवं एवढंच म्हटलंय, उदाहरण म्हणून विक्री मूल्याच्या प्रमाणाचं दिलंय. कॉन्स्टंट मार्जिन त्यात बसवता येईल, पण उणे आकड्याला तर्कसंगत म्हणणं मला जड जातं. मी असतो तर स्टॉक व्हॅल्युएशनला एनआरव्हीच ठेवली असती आणि टीमच्या मीटिंगसाठी कॉन्स्टंट मार्जिनचा वेगळा कागद केला असता.

आकडेमोड
मी क ला शून्य धरून उरलेल्या दोघांत 60 वाटायचा पर्याय सुचवेन. अ आणि ब ची विक्री 160, खर्च 110, मार्जिन 31.25 टक्के. अ ला 58.75, ब ला 1.25, क ला काही नाही आणि त्याचं मार्जिन 25 टक्के.

जुना मुनीम
करता येतं, पण मग मार्जिन सारखं राहिलंच नाही आणि पद्धत घेण्याचं कारणच गेलं. शिवाय जॉइंट प्रोसेसमधून क फुकट आला असं पुस्तक म्हणतं, तेही खरं नाही.

आकडेमोड
फुकट नाही हे मान्य, पण उणेपेक्षा शून्य समजावून सांगणं सोपं. ऑडिटरसमोर मी शून्यच घेऊन जाईन.

ताळेबंद
सगळ्यांचे आभार. स्टॉकला एनआरव्हीच ठेवतो आणि क च्या टीमला दोन्ही कागद दाखवतो. स्प्लिट-ऑफला क कितीला जाईल हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, आधी तो भाव काढतो आणि इथे टाकतो.