मदत हवी आहे: बाबांना बस लागते, प्रोस्टेटही आहे. सेटिरिझिन देऊन भागेल का?

अनघा_कराड

नमस्कार. बाबा 71 वर्षांचे आहेत. प्रोस्टेट वाढलंय, त्यासाठी रात्री टॅमसुलोसिन 0.4 चालू आहे. अंगावर पित्त उठतं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी सेटिरिझिन 10 दिलंय, तेही रोज रात्री घेतात. त्याने कधी काही त्रास झालेला नाही.

त्यांना लहानपणापासून गाडी लागते. मागच्या वेळी कराडहून चिपळूणला निघालो तेव्हा कुंभार्ली घाटासाठी मेडिकलमधून प्रोमेथाझिन 25 ची गोळी आणून दिली. एकही उलटी झाली नाही, पण दिवसभर गुंगी होती, बोलणं जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी पूर्ण अडकली. ओटीपोट टम्म फुगलं, शेवटी दवाखान्यात नळी घालावी लागली. बाबांचे हाल बघवत नव्हते.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "अँटीहिस्टामिनमुळे झालं." पण सेटिरिझिनही अँटीहिस्टामिनच ना? ते तर रोज घेतात! पुढच्या महिन्यात गुहागरला भाचीचं लग्न आहे आणि बाबांना यायचंच आहे. मग प्रवासासाठी सेटिरिझिनच जास्त दिलं तर चालेल का? आणि एक गोळी लघवी अडवते, दुसरी अडवत नाही, हे कसं?

घाटवाट

अनघाताई, जुन्या अँटीहिस्टामिनने झोप येते, नव्याने येत नाही, एवढाच फरक आहे. झोपलेल्या माणसाला गाडी लागत नाही, म्हणून जुन्या गोळ्या प्रवासाला चालतात. तेव्हा बाबांना झोप लागेल असं साधं काहीही दिलं तरी काम होईल. सेटिरिझिननेही थोडी झोप येतेच की, दोन देऊन बघा.

औषधशाळा

दोन देऊ नका. मी फार्मसीचा आहे, बरीच वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण घाटवाट यांचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं बाबांसाठी धोक्याचं आहे.

मेंदूत हिस्टामिनचं काम जागं ठेवण्याचं आहे. प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी औषधं स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, त्यामुळे रक्तातून मेंदूत आरामात शिरतात आणि तिथलं हिस्टामिन अडवतात. गुंगी येते ती त्यामुळे. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, सेटिरिझिन ही नंतरची. ती मेंदूत कमी शिरतात, आणि यातली काही शिरली तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला एक पंप त्यांना परत रक्तात ढकलतो. फेक्सोफेनाडिन जवळजवळ पोचतच नाही. सेटिरिझिन थोडं पोचतं, म्हणून काहींना त्याने पेंग येते. इथपर्यंत घाटवाट बरोबर.

पण गाडी लागणं थांबतं ते झोपेमुळे नाही. घाटात कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, आणि डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात, ते सांगतात आपण स्थिर आहोत. हा घोळ मेंदूच्या तळाशी असलेल्या तोलाच्या केंद्रात जातो आणि तिथून उलटीच्या केंद्राकडे. या वाटेवर निरोप पोचवणारी दोन रसायनं महत्त्वाची, हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन. जुन्या गोळ्या मेंदूत जाऊन दोन्ही अडवतात. अ‍ॅसिटिलकोलिनचा वाटा किती मोठा आहे ते हायोसिनवरून कळतं. ते अँटीहिस्टामिन नाहीच, फक्त अ‍ॅसिटिलकोलिन अडवतं, तरीही गाडी लागण्यावरच्या सगळ्यात परिणामकारक औषधांत त्याची गणना होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना बोट लागू नये म्हणून तेच दिलं जायचं.

सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन प्रवासासाठी उपयोगी पडतात का, हे 2003 मध्ये प्रयोग करून मुद्दाम तपासलं गेलं. दोन्ही औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे सेटिरिझिनचा डोस वाढवून बाबांना पेंग येईल, उलटी होईल ती होईलच.

आता लघवीचं. मूत्राशयाचा स्नायू आकसतो तो अ‍ॅसिटिलकोलिनच्या हुकमावर. प्रोमेथाझिन ते सगळ्या शरीरात अडवतं, मूत्राशयातही. तरुण माणसाचं फक्त तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाचा तो स्नायू आधीच अरुंद वाटेशी झगडत असतो, त्याची ताकद थोडी जरी कमी झाली तरी लघवी थांबते. सेटिरिझिन अ‍ॅसिटिलकोलिनला जवळपास हात लावत नाही, म्हणून ते बाबांना रोज सोसतं. अगदीच शून्य धोका आहे असं मात्र नाही, प्रोस्टेट असेल तर लघवीकडे लक्ष ठेवायचंच.

पण एक सांगा. त्या दिवशी, किंवा आदल्या दिवशी, बाबांनी आणखी कुठली गोळी घेतली होती का? सर्दीची वगैरे?

रेवदंडा_९१

माझ्या मुलीलाही बस लागते, वय चार. आम्ही उलटीवरचं ओन्डान्सेट्रॉन देतो, डॉक्टरांनी मागे पोट बिघडलं तेव्हा लिहून दिलं होतं. झोपही येत नाही. अनघा, तुम्हीही तेच द्या. फक्त आमच्याकडे बसमध्ये कधी उपयोग होतो, कधी नाही.

औषधशाळा

रेवदंडा, "कधी नाही" हे स्वाभाविक आहे. ओन्डान्सेट्रॉन सेरोटोनिन अडवतं. पोटातल्या संसर्गाने किंवा केमोथेरपीने होणाऱ्या उलटीत त्याचा उत्तम उपयोग होतो, पण गाडी लागण्याची वाट वेगळी असल्यामुळे तिथे ते फारसं चालत नाही. मुलीसाठी बालरोगतज्ज्ञांनाच विचारा. इथलं वाचून प्रोमेथाझिन मात्र देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला ते कधीच द्यायचं नसतं, श्वास मंदावण्याचा धोका असतो. चार वर्षांच्या मुलीलाही डॉक्टरांशिवाय नको.

अनघा_कराड

हो! बाबांना आदल्या दिवशीपासून सर्दी होती. घरात पाकीट होतं त्यातल्या गोळ्या घेतल्या, दोन आदल्या दिवशी आणि एक प्रवासाच्या सकाळी. आत्ता पाकीट बघितलं. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन 10, क्लोरफेनिरामिन 4. याचा काही संबंध आहे का?

औषधशाळा

आहे, आणि मोठा आहे. क्लोरफेनिरामिन हे दुसरं जुनं अँटीहिस्टामिन. चांगलंच अ‍ॅसिटिलकोलिन अडवतं आणि शरीरातून जायला दिवसभराहून जास्त वेळ घेतं, उतारवयात आणखी. म्हणजे सकाळी प्रोमेथाझिन दिलं तेव्हा आदल्या दिवशीचं क्लोरफेनिरामिन शरीरात होतंच, त्यात सकाळची गोळी. तिन्हीचा परिणाम मूत्राशयावर एकदम आला. प्रोमेथाझिनही बराच काळ टिकतं, म्हणून अडचण प्रवासात न दिसता दुसऱ्या सकाळी दिसली.

फेनिलेफ्रिनची दिशाही उलटीच. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं, फेनिलेफ्रिन ते आवळतं. तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन रक्तात फार कमी पोचतं, तेव्हा त्याला मुख्य आरोपी म्हणणार नाही. पण बाबांच्या घरात ते पाकीट नको. सर्दीला नुसतं पॅरासिटामॉल आणि वाफ. पाकिटावर "क्लोरफेनिरामिन" किंवा "सीपीएम" दिसलं की बाजूला ठेवायचं.

बोलणं जड होणं हेही त्यातलंच. उतारवयात ही औषधं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन अडवतात तेव्हा नुसती झोप येत नाही, माणूस गोंधळतो, कधीकधी भलतंच बोलतो. घरच्यांना वाटतं झोप अपुरी झाली.

सिस्टर_निवृत्त

अनघा, मी शल्यचिकित्सा वॉर्डात होते. असे आजोबा लग्नसराईत आणि थंडीत हमखास यायचे, बहुतेकांच्या खिशात सर्दीची गोळी. लघवीची धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, थोडी होऊन पुन्हा जावंसं वाटणं, ही आधीची खूण असते. तेव्हाच गोळी थांबवली तर बरेचदा नळीची वेळ येत नाही. सहा-आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट दुखतंय, तर पाणी पाजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

प्रवासाला मी सिनारिझिन सुचवेन. आमच्याकडे चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्यांना सर्रास द्यायचे, लघवी अडकलेली मला आठवत नाही.

औषधशाळा

सिस्टर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण इथे मी थोडा वेगळा आहे. सिनारिझिनही जुन्याच कुळातलं, झोप आणतं. अ‍ॅसिटिलकोलिनवरचा त्याचा परिणाम प्रोमेथाझिनपेक्षा सौम्य आहे, पण नाही असं नाही. शिवाय ते डोपामिनही अडवतं, हाताला कंप किंवा चाल मंद असेल तर द्यायचंच नाही. एकदा नळी लागलेल्या माणसाला मी स्वतः सुचवणार नाही.

सिस्टर_निवृत्त

महिनोन्‌महिने घेतलं तर कंप, हे मान्य. एका प्रवासासाठी एक गोळी, तीही मूत्ररोगतज्ज्ञांना विचारून, यात मला अजूनही गैर वाटत नाही. उलट्या होऊन 71 वर्षांच्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी होणं हाही त्रासच आहे.

घाटवाट

मला झोप आणि उलटीचा संबंध पटलेला होता, तो आता तितका पटत नाही. पण मी स्वतः बसमध्ये डोळे मिटले की बरं वाटतं, ते का?

औषधशाळा

डोळे मिटले की डोळ्यांचा "आपण स्थिर आहोत" हा निरोप बंद होतो, भांडणातला एक पक्ष गप्प होतो. त्याला गोळी लागत नाही. अनघाताई, बाबांसाठी हाच भाग जास्त कामाचा. शक्य असेल तर बसऐवजी गाडीने न्या, पुढच्या सीटवर बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर ठेवायला सांगा. मागे वळून बोलायचं नाही, मोबाइल नाही. कोयनानगरला थांबून पाच-दहा मिनिटं मोकळ्या हवेत चालू द्या, घाट त्यानंतरच. पोट रिकामं नको आणि तडसही नको.

डॉक्टरांनी एखादी गोळी मान्य केलीच तर ती निघण्याआधी तास-दीड तास द्यायची. मळमळ सुरू झाली की पोटातलं पुढे सरकणं मंदावतं, मग दिलेली गोळी तिथेच पडून राहते नाहीतर उलटीत जाते.

अनघा_कराड

खूप आभार सगळ्यांचे. सर्दीचं पाकीट आत्ताच टाकून दिलं. गाडीची सोय बहुतेक होईल, भाऊ पुण्याहून येतोय. बाबांचं क्रिएटिनिन मागच्या तपासणीत 1.6 आलं होतं, त्याचा यात काही संबंध येतो का?

औषधशाळा

येतो. सेटिरिझिन बहुतांश मूत्रपिंडातून बाहेर पडतं. 71 वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन 1.6 असेल तर रोजचं 10 जास्त होत असू शकतं, अशा वेळी बरेचदा 5 वर आणतात. स्वतःहून बदलू नका, रिपोर्ट घेऊन त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. आणि मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा सिनारिझिनचा प्रश्नही थेट विचारा, सिस्टर आणि माझं त्यावर एकमत झालेलं नाही. ते काय म्हणाले ते इथे लिहा.

सिस्टर_निवृत्त

आणि नळी काढल्यावर लघवी किती उरते याची सोनोग्राफी झाली होती का, तेही बघ गं. नसेल तर लग्नाआधी करून घे. शंभर-दीडशे मिलीहून जास्त उरत असेल, तर माझ्या सिनारिझिनचा आग्रह मी मागे घेते.