चट्ट्याचा फोटो: फ्लॅश बंद करा, सपरीत बसवा

> आईच्या पोटरीवरच्या चट्ट्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला, पण त्यात नुसता चकाकणारा डाग दिसतो. रंगही भलताच येतो.

चकाकी बहुतेक फ्लॅशची असेल, तो बंद करा. मलम लावलं असेल तर तेही आधी पुसून घ्या. आमच्या बाबांच्या पाठीवर खवले सुटणारा चट्टा होता. अंगणात हिरव्या नेटखाली फोटो काढला, तर कातडीच हिरवट आली. मग सकाळी नऊच्या सुमारास त्यांना सपरीत बसवलं. ऊन अंगावर नाही, पण उजेड भरपूर. चट्ट्याशेजारी कोरा पांढरा कागद धरला. फोटोत कागद पांढरा दिसला तर रंगावर भरवसा ठेवायचा, पिवळट किंवा निळसर दिसला तर जागा बदलायची.

फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटतो, वर आपलीच सावली पडते. वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करा आणि स्क्रीनवर चट्ट्यावर टॅप करा.

हा रंगाचा फोटो झाला. खवले आणि उंचवटा मात्र त्यात सपाट दिसतात. त्यासाठी दुसरा फोटो घ्या: आईला दाराजवळ असं बसवा की उजेड पोटरीवर एकाच बाजूनं तिरपा येईल. मग खवल्यांच्या बारीक सावल्या उठून दिसतात.

व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे पुसले जातात.