मदत हवी आहे: लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, बॅटरी फुगली का? (परभणी)

सेतू_परभणी
नमस्कार. केंद्रावरचा लॅपटॉप साडेचार वर्षांचा आहे. सकाळी ९ ते रात्री ८ चार्जर लावलेलाच असतो. वर पत्र्याचं छत आहे. आठवड्यापासून टचपॅडचं डावं क्लिक दबत नाही. आज बघितलं तर टचपॅडची कड वर आलीय आणि झाकण मिटलं की समोरून एक रुपयाचं नाणं जाईल एवढी फट राहते. मोबाईल दुरुस्तीवाला म्हणतो, "बॅटरीला सुई टोचून हवा काढून देतो, वर्षभर चालंल." फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. तोवर वापरू का?

बॅकअप_बीड
माझी पण बॅटरी ४० मिनिटंच टिकते. पूर्ण उतरवून परत फुल चार्ज करा, कॅलिब्रेशन होतं. मला फरक पडला.

सोल्डर_लातूर
बॅकअप भाऊ, ते बॅकअप कमी झाल्यावर. इथं मुळीच करू नका, फुगलेल्या बॅटरीला आता एकदाही चार्ज द्यायचा नाही.

सेतू दादा, लॅपटॉप आत्ता बंद करा. स्लीप नको, शटडाऊन. चार्जर काढा. खात्री करायची असेल तर गार झाल्यावर सपाट फरशीवर ठेवा. कोपरे टेकत नसतील, लॅपटॉप डुगडुगत असेल, तर खालची बाजूही फुगलीय. दाबून मात्र बघू नका, झाकणही जोर लावून मिटवू नका.

सुईचं नाव काढू नका. ती पिशवी हवेनं भरलेली नाही. आतलं द्रावण उष्णतेनं आणि कायम फुल चार्जवर राहून विघटित होतं, त्याचा हा वायू आहे आणि तो पेट घेतो. पिशवीत तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकावर एक गुंडाळलेल्या असतात. मध्ये फक्त केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा. सुई तो पडदा भेदून दोन्ही पट्ट्या जोडते, आतच शॉर्ट होतो. त्या उष्णतेनं शेजारचा पडदा वितळतो, मग पुढचा. ही साखळी एकदा सुरू झाली की चार्जर काढून थांबत नाही. धूरही विषारी असतो.

वाळू_नांदेड
बॅटरी शून्यावर आणून काढा, म्हणजे आग लागत नाही. नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

सोल्डर_लातूर
अर्धं बरोबर आहे. चार्ज कमी असेल तर आग कमी भडकते, हे खरं. पण त्यासाठी फुगलेली बॅटरी तासभर चालवून तापवायची का, यावर कारागिरांत एकमत नाही. मी नाही चालवत. फ्रीज नको: आत ओल धरते, आणि पेटली तर बंद कपाटात, घराच्या मधोमध पेटते.

सेतू_परभणी
मग काढू कशी? स्क्रू ड्रायव्हर आहे.

सोल्डर_लातूर
खालचे स्क्रू ज्या जागेचे त्या क्रमानं कागदावर मांडा, कारण लांबी वेगवेगळी असते. परत बसवताना लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर नव्या बॅटरीत घुसू शकतो. झाकण प्लास्टिकच्या पट्टीनं उचला. पहिलं काम म्हणजे बॅटरीची पिन बोर्डवरून सरळ ओढून काढणं. बॅटरी स्क्रूवर असेल तर स्क्रू काढून अलगद उचला. गोंदानं चिकटवलेली असेल तर तिथंच थांबा. खरवडलं की पिशवी वाकते, फाटते. ते काम जाणकाराकडं द्या.

काढलेली बॅटरी घमेल्यात कोरड्या वाळूवर ठेवा, पिनेला चिकटपट्टी लावा, वर थोडी वाळू टाका. घट्ट झाकण नको, वायूला वाट हवी. घमेलं बाहेर सावलीत, कडबा-कागदापासून लांब.

शेजारीण_सेलू
पेटलीच तर पाणी टाकायचं नाही ना? लिथियम आहे म्हणून विचारते.

सोल्डर_लातूर
ताई, पाणीच टाकायचं, फक्त आधी मेन स्विच बंद. या बॅटरीत सुटा लिथियम धातू नसतो. वाळूनं ज्वाळा दबते पण उष्णता आतच राहते, पाण्यानं सेल गार होतो. धूर कोंडला असेल तर काही न करता बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

सेतू_परभणी
स्क्रूवरच होती, निघाली. तीन सेलपैकी मधला उशीसारखा फुगलाय, बाकी दोन सपाट आहेत. बॅटरीशिवाय चार्जरवर चालू झाला, पण लई मंद चालायलाय.

सोल्डर_लातूर
काही मॉडेल बॅटरीशिवाय चालूच होत नाहीत, तुमचा झाला हे बरं. प्रोसेसरला अचानक जास्त वीज लागली की बॅटरी हातभार लावते. ती नाही म्हणून लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. लाईट गेली की थेट बंद पडेल, तेव्हा दर पानाला सेव्ह करा. नवी बॅटरी लॅपटॉपच्या नावावर मागवू नका, जुनीवर छापलेला पार्ट नंबर द्या. ती बसली की सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची चार्ज मर्यादा मिळते का बघा.

वाळू_नांदेड
जुनी घंटागाडीत टाकू नका, तिथं दाबली की पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण आमच्याकडं दुकानदार हात लावत नाही. परभणीत कुणी घेतं का?

सेतू_परभणी
दोन दुकानांत विचारलं, दोघं नाही म्हणाले. घमेलं मागच्या अंगणात आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा.